खाली दोघांची नावं

लेक : आता ते चित्र पुसून काय उपयोग, बाबा? निळ्या खुणा आल्यात. मावशीने बघितलंय ते.

बाबा : बघितलंय, मग बोलत का नाही काही? दर पाडव्याला सकाळी पहिला फोन तिचा. आज दुपार झाली तरी पत्ता नाही.

लेक : काय बोलेल ती? सकाळी डोळे उघडले आणि बहिणीच्या नावाने नव्या वर्षाच्या शुभेच्छा आल्या. आईला जाऊन नऊ महिने झालेत.

बाबा : मी काय मुद्दाम केलं?

लेक : मुद्दाम नाही हो. पण केलंत तरी कसं?

बाबा : कसं म्हणजे! तेच आपलं चित्र. कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याकडून करून घेतलेलं. वर उगवता सूर्य, मधे शुभेच्छा, खाली आम्हा दोघांची नावं. मीच त्याला म्हटलं होतं, साल घालू नकोस, म्हणजे दरवर्षी चालेल. गेल्या वर्षीचं उघडलं, पुढे ढकललं. एका वेळी पाचच जणांना जातं, म्हणून पाच-पाच करत सकाळभर बसलो होतो.

लेक : आणि एकदाही खाली नजर गेली नाही?

बाबा : आपलंच नाव माणूस कशाला वाचेल? शब्द तरी कुठे वाचले मी!

लेक : बघा. पाठवणाऱ्यानेच वाचलं नाही. वाचलं फक्त मावशीने.

बाबा : टोमणे नंतर मार. आता काय करायचं ते सांग. दुसरं चित्र करून घेतो, नुसत्या माझ्या नावाचं.

लेक : म्हणजे सकाळी दोन नावं, दुपारी एक? नको बाबा. ते तर आणखी वाईट.

बाबा : मग?

लेक : लिहा तिला. चार ओळी, तुमच्या तुम्ही.

बाबा : एवढंच ना? घे लिहून. "नूतन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा. हे वर्ष आपणांस सुखसमृद्धीचे, भरभराटीचे व आरोग्यदायी जावो. तसेच सकाळी अनवधानाने प्रेषित झालेल्या सदर चित्राबाबत दिलगीर आहे."

लेक : बाबा.

बाबा : काय झालं? शुद्ध आहे की.

लेक : शुद्ध आहे. खाली शिक्का मारायचा तेवढा राहिलाय. मावशीला तुम्ही "आपणांस" म्हणता?

बाबा : मी तिला भिंगरी म्हणतो. लग्नात पाहिली तेव्हापासून. एका जागी म्हणून बसायची नाही.

लेक : मग भिंगरी लिहा. अहो, मी दवाखान्यात दिवसभर पेशंटना हाक मारते. नुसतं "पुढचा नंबर" म्हटलं तर कुणी मान वर करत नाही. नाव घेतलं की लगेच उठतात.

बाबा : अगं, तीस वर्षं पाणीपुरवठ्यात पत्रं लिहिली मी. "आपला अर्ज प्राप्त झाला" यापलीकडे हात जात नाही माझा. त्यापेक्षा बोलून पाठवू? ते बटण दाबून धरायचं असतं ना... हॅलो. हॅलो. मी बोलतोय. नवीन वर्ष, हॅलो, सुरू झालेलं आहे...

लेक : सोडा ते बटण! स्टेशनवर गाडीची सूचना देताय असं वाटतंय. सोप्या माणसापासून सुरुवात करू. मावशी शेवटी.

बाबा : सोपा माणूस म्हणजे बाटली.

लेक : ते तुमच्या शेजारच्या टेबलावरचे? कायम पाण्याची बाटली घेऊन फिरायचे ते?

बाबा : तोच. पाणी खात्यात नोकरी आणि पाणी घरचं. विश्वासच नव्हता खात्यावर.

लेक : या वर्षात त्यांचं तुम्हाला काय आठवतं? पटकन सांगा. विचार करू नका.

बाबा : तुझी आई गेली तेव्हा आला होता. लिफ्ट बंद, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी तीन जिने चढून आला. एक शब्द बोलला नाही. बसला आणि गेला.

लेक : हेच लिहा. जसं बोललात तसंच.

बाबा : त्यात शुभेच्छा कुठे आली?

लेक : ती शेवटी. पण त्यांच्या मापाची. भरभराट-बिरभराट नको.

बाबा : बरं. "बाटल्या, नवं वर्ष लागलं. दुखरा गुडघा घेऊन तू तीन जिने चढून आलास, ते तेव्हा बोलायचं राहिलं. फार बरं वाटलं होतं रे. यंदा तुझा गुडघा सुधारो आणि आमची लिफ्टही." चालेल?

लेक : पळेल! पाठवा.

बाबा : गेलं. आता हेच बाकीच्यांना लावतो, नाव बदलून. या वयात गुडघा सगळ्यांचाच दुखतो.

लेक : अजिबात नाही! तिथेच तर फसता तुम्ही. लिहिलेलं दुसऱ्या कुणालाही जसंच्या तसं चालत असेल, तर ते खोडायचं. आणि नाव बदलायच्या नादात एखाद्या काकूंना "बाटल्या" जाईल ते वेगळंच.

बाबा : थांब, उत्तर आलं. "लिफ्ट या जन्मी होत नाही. गुडघा बघू. रविवारी येतो, चहा ठेव." अगं, चित्र पाठवायचो तेव्हा हा नुसते जोडलेले हात पाठवायचा!

लेक : हात जोडले की विषय संपतो ना. आता पुढचं कोण?

बाबा : माझी चुलतबहीण. तिचं सोपं आहे. "तुझ्या मुलाला यंदा तरी नोकरी लागो."

लेक : अहो, नका! दुखऱ्या जागेवर बोट कशाला ठेवता? घरात रोज तेच चाललेलं असेल. सणाच्या दिवशी तुमच्याकडूनही तेच?

बाबा : मनापासूनच लिहितोय मी.

लेक : मनापासून असलं तरी तिला ते "यंदा तरी" तेवढंच दिसेल. दुसरं काहीतरी आठवा.

बाबा : दुसरं... लहानपणी ती झाडावर माझ्यापेक्षा उंच चढायची आणि वरून मला चिडवायची. आताही गच्चीत कुंड्याच कुंड्या आहेत तिच्या.

लेक : मग?

बाबा : "ताई, तुझ्याइतकं उंच मला कधीच चढता आलं नाही, हे साठ वर्षांनी कबूल करतो. यंदा तुझ्या गच्चीतल्या सगळ्या कुंड्या फुलोत, आणि एक रोप माझ्यासाठी काढून ठेव." हे मागणं झालं का? शुभेच्छेत मागू नये ना काही?

लेक : पैसे, कामं मागू नयेत. रोप मागितलं तर माणूस खूश होतो. झकास जमलंय तुम्हाला. आता मावशी.

बाबा : चहा करू का आधी?

लेक : बाबा.

बाबा : भीती वाटते गं. खरं सांगू? बाटली माझा, चुलतबहीण माझी. बाकी सगळी माणसं तुझ्या आईची. फोन तिला यायचे. मी आपला शेजारी बसून "माझाही नमस्कार सांग" म्हणायचो. त्या नमस्कारावर माझं गणगोत टिकलं इतकी वर्षं. ती गेली आणि एकेकाचे फोन आटले. राहिली ती भिंगरी एकटी. तीही आज गेली तर तुझ्या आईबद्दल मी बोलायचं कुणाशी?

लेक : माझ्याशी.

बाबा : तुझ्याशी आहेच गं. पण तुझ्या जन्माआधीची तुझी आई तुला कुठे ठाऊक आहे?

लेक : हं. मग ते घालवायचं नाही ना? बोला. मी टाइप करते. मधे एक शब्दही बोलणार नाही.

बाबा : "भिंगरी." स्वल्पविराम दे. "सकाळचं चित्र जुनं होतं. नावं न वाचता मी पाठवलं. तुला काय वाटलं असेल हे मला दुपारी कळलं. चुकलो. गेल्या वर्षी तू या वयात मला गाडी शिकवायला घेतलीस. तुझी ताई मागे बसायची, डोळे गच्च मिटून. तू म्हणायचीस, ताई, डोळे उघड, भाऊजींनी अजून किल्लीसुद्धा फिरवली नाही. ती हसायची ते मला आरशात दिसायचं, म्हणून माझं रस्त्याकडे लक्ष नसायचं. तू उगीच मला ओरडायचीस." झालं लिहून?

लेक : हो.

बाबा : नाक कशाला ओढतेस? बोलणार नव्हतीस ना.

लेक : बोलले कुठे? पुढे सांगा.

बाबा : "तिच्याशिवायचं हे आपलं पहिलं वर्ष. आनंदाचं जावो असं लिहवत नाही. सोसेल इतपत जावो. तुझ्या ड्रायव्हिंगच्या शिकाऊंपैकी कुणी यंदा तुझं फाटक पाडू नये. दर रविवारी दुपारी तू ताईशी बोलायचीस. तुला चालणार असेल तर आता तो फोन मी करीन. मला बोलता येत नाही, पण ऐकता येतं. भाऊजी." वाच बघू एकदा मोठ्याने.

लेक : मला नाही वाचवणार. तुम्हीच बघा. एक शब्द बदलावासा वाटतो?

बाबा : "सोसेल इतपत" ठेवू? सणाच्या दिवशी असं लिहितात?

लेक : खोटं आहे का ते?

बाबा : नाही.

लेक : मग राहू दे. पाठवायचं बटण मात्र तुम्ही दाबा.

(थोड्या वेळाने फोन वाजतो.)

बाबा : तिचाच आहे. तू घे.

लेक : मी का? तुम्हीच उचला. मोठ्या आवाजावर ठेवा, मी इथेच आहे.

बाबा : हॅलो... भिंगरी? अगं, मी ते मुद्दाम...

मावशी : भाऊजी, आधी गप्प बसा. मला बोलू द्या. आत्ताच लिहिलंत ना, ऐकता येतं म्हणून?

बाबा : हो.

मावशी : मग ऐका. मी रागावले नव्हते. सकाळी फोन उघडला तर ताईचं नाव. एक क्षण वाटलं, आली हिची शुभेच्छा. नेहमीसारखी. मग लख्खकन सगळं आठवलं. फोन हातात धरून बसले ती बसलेच. दोन शिकाऊ दारात उभे होते, त्यांना घरी पाठवून दिलं.

बाबा : चुकलं गं माझं.

मावशी : चुकलंच. पण ते चित्र पुसू नका. राहू दे माझ्याकडे. तिच्या नावाचं पुन्हा काही यायचं नाही आता.

बाबा : नाही पुसत.

मावशी : आणि तुम्हाला आरशात ती दिसायची होय? आणि मी बाजूचे आरसे बघा सांगून दमले! चौकात सिग्नल लाल, भाऊजी आपले आरशात बघून हसतायत. मला वाटायचं, माणूस ठार बावळट आहे.

बाबा : ते वेगळं आहेच.

मावशी : आहेच! मेले, हसवलंत मला. रडून झाल्यावर हसायला येतं ते असं. बरं, रविवारचं ठरलं ना? नक्की?

बाबा : नक्की. पण मी काय बोलू? ती तासभर काय बोलायची तुझ्याशी?

मावशी : काही नाही हो. जेवलीस का, इथून सुरू करायची. पुढचं आपोआप निघायचं.

बाबा : एवढंच?

मावशी : एवढंच. करून बघा आत्ता.

बाबा : जेवलीस का, भिंगरी?

मावशी : नाही हो भाऊजी. नऊ महिन्यांत कुणी विचारलंच नाही.