अख्खी भाकर

—आणि साहेब, अक्षराकडे बघू नका. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असणार, शब्दपण साधेच हायत. ऋतुजाकडून सुधारून घेतलं असतं, पण मी रोह्याला आलोय ते तिला माहीत नाय. मी सुजय, तिचा भाऊ. काल शिष्यवृत्तीच्या चौकशीचा फोन तुम्ही केलात तो मलाच. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखतो, तो मी. कालचं माझं बोलणं खोटं होतं, एवढंच त्या कागदावर लिहिलंय.

बसत नाय, उभाच बरा. तिच्या शाळेतल्या सुरभीबाईंचं शिफारसपत्र तुमच्याकडे हाय ना — शाळेचं लेटरहेड, जावक नंबर, शिक्का, खाली बाईंचा मोबाईल? मी ते वाचलेलं नाय, बंद पाकिटातनं आलं ते. पण लिहायच्या आधी बाई घरी येऊन मला विचारून गेल्या होत्या. 'सुजय, तुझं नाव घातलं तर चालेल ना रे? हुशार आहे, मेहनती आहे, हे सगळ्याच पत्रांत असतं, त्यातून काही कळत नाही. आठवीत ती कुठे होती आणि आता कुठवर आली, हे दाखवायला हवं.' मी म्हटलं, चालेल. म्हणजे चालेल म्हणणारापण मीच, बघा.

आठवीत ती गणितं पाठ करायची. पुस्तकातलं उदाहरण घडाघडा, अन् आकडा बदलला की अडली. बाई म्हणाल्या होत्या, तेपण लिहिणार, झाकणार नाय. नववीत बाई तिला म्हणाल्या, घरी कुणाला तरी शिकव. आता घरी कोण? मी. मी सातवीतनं शाळा सोडलेली — हे बघा, इथे दार लावलंय तर किती सहज निघालं तोंडातनं. तर तिने घातलं, अर्धा अधिक एक तृतीयांश. मी वरच्यात वरचे मिळवले, खालच्यात खालचे. दोन पंचमांश. तिने चूक म्हटलं नाय. अर्धी भाकर माझ्या ताटात ठेवली, दुसऱ्या भाकरीचा तिसरा हिस्सा तोडून तिच्याशेजारी ठेवला अन् म्हणाली, 'दादा, दोन पंचमांश म्हंजे अर्ध्याहून कमी. मी तुला अजून वाढलं, मग ताटातलं कमी कसं झालं?' मग तिने सगळ्याचे सहावे भाग करून दाखवले, तीन अन् दोन, पाच. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं काय, तर दादा तसं का करतो — चुकतो ते नाय, का चुकतो ते. बाई म्हणतात, पोरगी शिकायला लागली ती त्या दिवसापासनं. पत्रात हेच लिहिणार म्हणाल्या होत्या. अन् तेव्हापासनं रोज जेवताना ती मला भाकर मोडूनच वाढते, अर्धी अन् तिसरा हिस्सा. आमची मस्करी ती.

काल फोन आला तेव्हा माझे हात रंगात. शेजारी रंगवणाऱ्या जितेशने उचलून स्पीकरवर टाकला. तुमचा आवाज अख्ख्या शेडमध्ये — तुम्ही सातवीतून शाळा सोडली आणि बहीण तुम्हाला अपूर्णांक शिकवते, असं पत्रात आहे, खरं का? साहेब, कारखान्यात मी दहावी पास हाय. लागलो तेव्हा दिनानाथशेठने विचारलं, मी मान हलवली, तेवढंच. सगळ्यांचे ब्रश थांबले. मी म्हटलं, 'नाय, असं काय नाय. मी दहावी हाय, मला कोण शिकवत नाय.' अन् जितेशला म्हटलं, काप फोन.

मग तुम्ही बाईंना कळवलंत, भाऊ वेगळंच सांगतो, पत्राची खात्री होत नाय, नाव मागे ठेवतो. तुमचं बरोबरच. बाई खोट्या पडल्या माझ्यापायी. अकरावीची फी अन् हॉस्टेल या पैशांवरच होतं, नायतर तिचीपण शाळा सुटेल, माझ्यासारखी. ऋतुजाने रात्री जेवायला वाढलं अन् भाकर अख्खी ठेवली ताटात.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज सकाळी आधी कारखान्यात गेलो. दारातच उभा राहून म्हटलं, मी सातवी हाय, काल फोनवर खोटं बोललो, बहीण शिकवते मला. जितेश म्हणतो, 'मग पगाराची सही तरी तुझीच ना, की तीपण बहिणीची?' हसले सगळे. हसू दे. शेठ म्हणाले, 'डोळे सातवीने काढले का दहावीने, गिऱ्हाईक विचारत नाय. जाऊन ये.' तिथनं तसाच एसटीने इथे आलो.

कागद नको? परत तोंडीच विचारावं लागतं? बरं. मग मी ते दार उघडतो, साहेब. बाहेर बाकावर पेणचे दोघं बसलेत, ओळखतात मला. कालचाच प्रश्न विचारा. मोठ्याने, कालच्यासारखा.

...व्हय. सातवी.

व्हय, तीच शिकवते.

लिहिलंत? नाव परत वर घ्यायचं ते समिती ठरवणार — व्हय, कळलं. येतो मी. दार उघडंच राहू दे.