मालक झोपलेत

(सोलापुरातलं महिला मदत केंद्र. दाराबाहेरच्या बाकावर कस्तुराबाई आणि नात सोनम. सुकन्या, कस्तुराबाईंची लेक आणि सोनमची आई, आतून बाहेर आली आहे.)

कस्तुराबाई: मग भाईर का आलीस?

सुकन्या: मॅडमनी विचारलं, कोणी मारलं. मी म्हटलं, ह्यांनी. त्या म्हणाल्या, 'हे' म्हणजे कोण? नाव सांगा. तोंडच उघडेना.

कस्तुराबाई: कसं उघडंल? नवऱ्याचं नाव घेतलं की त्येचं आयुष्य कमी हुतंय.

सुकन्या: आणि माझं?

सोनम: माझ्या पुस्तकातपण असंच आहे की. त्या दुष्ट जादूगाराचं नाव कुणीच घेत नाही. नुसतं 'तो' म्हणतात.

कस्तुराबाई: दिवेलागणीला सापाला लांबडं म्हणतू, तसं?

सोनम: हो, नाव घेतलं की येईल म्हणून. आणि त्याचे नोकर असतात ना, तेपण घेत नाहीत. ते 'मालक' म्हणतात.

सुकन्या: मालक.

सोनम: तू शेजारच्या काकूंना सांगायचीस. मालक झोपलेत, हळू बोला.

कस्तुराबाई: अगं, त्यो मान असतुया.

सुकन्या: मान काय, भीती काय. ऐकायला सारखंच की, आई.

सोनम: पुस्तकातल्या बारक्या पोरांनी त्याला बघितलेलंपण नसतं. तरी घाबरतात. मोठी माणसं बोलता बोलता गप्प होतात ना, ते बघून.

सुकन्या: तूपण?

सोनम: मीपण.

सुकन्या: कुणीच नाव घेत नाही?

सोनम: थोडे जण घेतात, मुद्दाम. पण शेवटच्या भागात तो आपल्या नावावरच मंत्र टाकतो. कुणी उच्चारलं की त्याची माणसं तिथं हजर. त्याला माहीत असतं, नाव घेणारे तेवढेच त्याच्याविरुद्ध आहेत.

सुकन्या: तेच तर. इथून मंद्रूपला, आमच्या घरी, नोटीस जाणार. मी तोंड उघडलं हे त्याला कळणार.

कस्तुराबाई: म्हंजी तिचं भ्या खोटं न्हाय.

सुकन्या: मग पुढं काय करतात गं ते?

सोनम: एकटं असताना घेत नाहीत. सगळे एका जागी जमतात, दारं धरतात, मग घेतात.

कस्तुराबाई: आपून तिघी हाय. आत मॅडम हाय. दारात ती पोलीसबाई हाय, चांगली दणकट.

सुकन्या: आई, नको—

कस्तुराबाई: माजा कुटं नवरा हाय त्यो? जावय हाय. जोतिराम!

सोनम: आज्जी, हळू!

कस्तुराबाई: का हळू? जोतिराम. बघ, पोलीसबाईनं नुसतं वळून बघितलं.

सुकन्या: मी परत एकटी आत जाणार नाही.

कस्तुराबाई: एकटी कशाला? माजा खांदा धर.

सोनम: आई, मॅडम बोलवायल्यात.

सुकन्या: आले, मॅडम. लिहा. माझं नाव सुकन्या. मला मारणाऱ्याचं, जोतिराम.