विमानाच्या आवाजाआडचं वचन

वाकोल्यात आमच्या बिल्डिंगवरून विमानं इतकी खालून जातात ना, की आईला नुसत्या ओठांवरून बोलणं कळतं. आमच्याच मजल्यावर वाढलेला सुन्या नगरसेवकपदाला उभा होता. म्हणाला, "काकी, गटार दुरुस्त करतो. शिवाय इथे टॉवर होणार, लिफ्टवाला."

आईचे गुडघे गेलेत. ती हरखलीच.

मी म्हटलं, "सुन्या, विमानांमुळे इथे उंच बांधता येत नाही. ती परवानगी केंद्राची, नगरसेवकाची नाही."

तेवढ्यात विमान आलं. त्या आवाजात सुन्या माझ्या कानाशी म्हणाला, "माहितीय रे. पण लिफ्ट म्हटल्याशिवाय मतं कोण देणार?"

विमान गेलं. इतका वेळ सुन्याच्या ओठांकडे बघत असलेल्या आईने त्याच्या हातावर लाडू ठेवला. म्हणाली,

"गटार तू खरंच केलं असतंस रे, सुन्या. आता तेही कसं खरं मानू?"