पहिलं पान

न्हाई सर, नुसतं पाया पडायला न्हाई आले — म्हंजे पडते ना, पडणारच आहे, प्रत्येक पेपरच्या दिवशी पडून जाते तशी — पण आधी ते दार लावून घ्या. कडी लावा सर. हो, कडीच. भार्गवीताईंना म्हणा चहा-बिहा नको. मम्मीनं सकाळी दही-साखर हातावर ठेवली तर अर्धी खाली सांडली, ती म्हणे रूपल, बारावीचा फिजिक्स हाय, काय वाघ हाय का समोर? वाघ परवडला असता सर. साडेदहाला वर्गात बसायचंय मला, आणि माझ्या बॅगीत — थांबा, आधी सांगते, मंग दाखवते.

माझ्या बॅगीत आजचा पेपर आहे.

न्हाई, सराव पेपर न्हाई. सराव पेपर ओळखू येत न्हाई का मला? तुमच्या क्लासचे सगळे आमच्याच दुकानात तर झेरॉक्स होतात, दोन वर्षं झाली बघून राह्यले. बोर्डाचा आहे. वर सीट नंबरचे चौकोन, फिजिक्स, चौपन्न कोड, तीन तास, सत्तर मार्क, यंदाचं साल. कागद पण तोच, तो पातळ, मागचं छापलेलं पुढून दिसतं असा. काय म्हणले? — हो, ओरिजिनल. झेरॉक्स न्हाई. मधी घडी पडलेला, सगळी पानं आहेत.

कुठं म्हंजे — आमच्या मशीनमध्ये, सर! काचेवर. आता कसं सांगू — तुम्हाला तर माहीत आहे आमचं, दिवस मावळायच्या आत जेवतो आम्ही, मंग पाण्याशिवाय काही न्हाई. तर त्या टायमाला पप्पा वर येतात जेवायला. जुनं ओळखीचं गिऱ्हाईक असलं तर दुकान उघडंच — नवलकिशोर शेठचं दुकान म्हंजे काय, 'तुम्ही काढून घ्या, हिशोब मागून करू' — सगळं जाफराबाद जाणतं. काल पप्पा जेवत होते, खाली मशीनचा आवाज चालूच होता, खर्र-खट, खर्र-खट, आणि तेवढ्यात लाईट गेली. आवाज बंद. मशीन आतल्या खोलीत, तिथं दिवसा पण अंधार; कोणीतरी धडपडलं, मंग गाडीची किक. पप्पा टॉर्च घेऊन खाली गेले, शटर ओढलं, वर आले. बस. एवढंच.

लाईट आल्यावर मी खाली गेल्ते हॉल तिकिटाची झेरॉक्स काढायला. झाकण उचललं — आणि कोणाचं तरी राहिलेलं. ते तर रोजचंच आहे, सर. कोणाचं आधार कार्ड राहतं, कोणाचा सातबारा राहतो. लोक झेरॉक्स घेऊन जातात आणि मूळ कागद काचेवर विसरतात, पप्पांनी त्याच्यासाठी डबाच ठेवलाय बिस्किटाचा. मी म्हणलं टाकावं डब्यात. उलटा करून पाहिला. आणि मंग, सर, बोर्डाचं नाव दिसलं. तिथंच स्टुलावर बसले.

वाचला का? — आता तुमच्याशी काय खोटं बोलू. पहिलं पान वाचलं. इच्छा नव्हती, पण डोळे कुठं ऐकतात? दहाचे दहा एमसीक्यू. पान उलटायच्या आधी झाकला, आईशपथ. पण वाचलं ते वाचलं. तुम्हीच म्हणता ना वर्गात, 'रूपल म्हंजे टेपरेकॉर्डर, एकदा वाचलं की गेलं आत' — तेच तर झालं! रातभर डोळे मिटले की पहिला, दुसरा, तिसरा, पर्यायांसकट, ओळीनं. विसरायला म्हणून णमोकार मंत्र म्हणले, तर मधीच कॅपॅसिटर येऊन राह्यला.

आधी वाटलं फाडून टाकावा. मंग वाटलं, ज्याचा आहे तो परत येईल. ओरिजिनल राहिला हे त्याला घरी जाऊन झेरॉक्स मोजल्यावर कळणारच ना? आणि आला सर, आला! पहाटं कोणीतरी शटर वाजवलं. जोरात न्हाई, बोटानं, हळू. पप्पा उठलेच न्हाईत. जागे होते, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणलं, पप्पा, कोण आहे? तर म्हणले, झोप, कुत्रं असंल. कुत्रं बोटानं वाजवतं का शटर?

हो, पप्पांना दाखवला ना. रातीच दाखवला. त्यांना फिजिक्स काय कळतं, पण बोर्डाचा शिक्का कळतो. एकदम पांढरे झाले. मी विचारलं, कोण होतं गिऱ्हाईक? तर म्हणे, 'गिऱ्हाईक होतं. तू अभ्यास कर.' मी म्हणलं, पोलिसात देऊ. तर माझ्यापुढं हात जोडले, सर. माझ्या बापानं. 'बेटा, मशीन आपलं हाय. कागद आपल्या काचेवर सापडला. गिऱ्हाईकाला कोण विचारतं, आधी दुकानाला सील, आधी मला आत.' ते पण बराबर आहे ना? परीक्षेच्या टायमाला केंद्राजवळची झेरॉक्स बंद ठेवायचा हुकूमच असतो, आमचं दूर आहे म्हणून चालू. गुन्हा दाखल झाला की कोणी ऐकणार आहे का, की शेठ वर खिचडी खात होते म्हणून?

तुम्ही म्हणाल, मंग गुपचूप बस आणि पेपर दे. तेच करणार होते मी! पण सही आहे ना, सर. माझा नंबर आमच्या ब्लॉकमध्ये पहिला आहे. पाकीट वर्गात येतं, सुपरवायझर सगळ्यांना दाखवतात, सील बराबर आहे म्हणून, आणि उघडायच्या आधी दोन पोरांच्या सह्या घेतात त्याच्यावर. इंग्रजीच्या पेपरला मीच केली, मराठीला मीच केली. मोठ्ठ्या ऐटीत केली, घरी सांगितलं पण. आज काय करू? बॅगीत पेपर, आणि मी सही करू की पाकीट बंद होतं, कोणी पाहिला न्हाई? हात उठंल का माझा? आणि पाकिटात पेपर मोजून असतात ना — ज्या पाकिटातला हा आहे त्यात एक कमी निघंल. आमच्याच ब्लॉकचं निघालं तर? शेवटच्या बाकावरच्याला पेपर न्हाई, सगळे मोजून राह्यले, आणि तो माझ्या बॅगीत!

म्हणून तुमच्याकडं आले. तुम्ही तर आज ड्युटीवर न्हाई, फिजिक्सच्या दिवशी फिजिक्सचे सर केंद्रावर नसतात, म्हणून घरी असाल माहीत होतं. तुमचं केंद्रसंचालक ऐकतील. तुम्ही फक्त एवढं सांगा की सापडला — कुठं सापडला ते नका सांगू. पप्पांचं नाव नका घेऊ. हे घ्या. हा पाहा. ठेवला टेबलावर.

…पाहा ना, सर. उघडून तरी पाहा.

न्हाई, फोटो न्हाई काढला. माझ्याकडं कुठं आहे मोबाईल, परीक्षेपुरता पप्पांनी काढून घेतला. मोनाला? न्हाई, मैत्रीण असली तरी तिला कशाला सांगू. ती तर काल संध्याकाळी — तिला तुम्ही बोलावलं होतं ना लाईट गेल्यावर, शेवटच्या रिव्हिजनला? सात-आठ जणांना. मला वाईट वाटलं थोडं, खरं सांगते. मला का न्हाई बोलावलं म्हणलं. मम्मी म्हणे तुला गरज न्हाई म्हणून न्हाई बोलावलं.

असं कसं येईल म्हणता, सर, कस्टडीतून — पेपर कुलपात ठेवतात त्या खोलीतून? दारात पोलीस असतात म्हणता तुम्ही. ज्या दिवशीचा पेपर त्याच दिवशी सकाळी पाकिटं निघतात, रनर गाडीत घेऊन येतो, त्याच्या मोबाईलवर सगळं दिसतं कुठून कुठं गेला. तुम्हीच तर सांगितलं होतं वर्गात, तुमचे साडू — भागवत काका — यंदा रनर आहेत म्हणून, किती जोखमीचं काम असतं म्हणून… मंग तिथून बाहेर काढणार तरी कोण? वरचं सील तसंच ठेवून खालून ब्लेड लावलं तरच. तेही कस्टडीत जा-ये असलेल्या आतल्या माणसानं, कालच.

कोणाला सांगून आले? कोणालाच न्हाई. पप्पांना तर बिलकुल न्हाई. ते सोडतच नव्हते. दर पेपरला स्वतः म्हणतात, जा, मुकुल सरांच्या पाया पडून जा, गुरूचा आशीर्वाद घे. आज म्हणे सरांकडं जाऊ नको. मी म्हणलं का? तर म्हणे उशीर होईल. मी म्हणलं, रस्त्यातच तर आहे. तर ओरडले माझ्यावर — 'आज त्या घरात पाय ठेवायचा न्हाई' — कधी ओरडत न्हाईत सर ते, आणि 'त्या घरात' असं तर तुमच्या घराला कधीच —

तुमच्या घराला —

न्हाई. काही न्हाई, सर.

तुम्ही विचारलंच न्हाई गिऱ्हाईक कोण होतं ते. मघापासून तेच आठवून राह्यले, काय राहिलं विचारायचं. ओरिजिनल आहे का विचारलं, फोटो विचारला, मोना विचारली. आणि पेपर समोर पडलाय, दोन वर्षं तुम्ही ह्याच्यासाठी शिकवून राह्यले, आणि उघडून सुद्धा पाहिला न्हाई. मी असते तर पाहिला असता. कोणीही पाहिला असता, ज्यानं आधी पाहिला न्हाई तो.

हात काढा सर त्याच्यावरून. माझा आहे तो — म्हंजे माझा न्हाई, पण मी आणलाय. द्या ना. सर, द्या.

ओरडणार न्हाई मी. ताई आत आहेत, तुमचं पोरगं झोपलंय, माहीत आहे मला. तुम्ही पण नका रडू. तुम्ही रडले की मला जास्त भीती वाटते. 'दोन वर्षं तुला फुकट शिकवलं का मी' म्हणता? पप्पांनी फी भरलीच ना, पण डाउट घ्यायला रविवारी बसायचे तुम्ही माझ्याबरोबर, ते कोण करतं? म्हणूनच तर आले हो. सगळ्या जाफराबादेत एकच माणूस दिसला मला.

पप्पांचं म्हणता? हो. दुकानाला सील लागंल. पप्पांना नेतील, मला माहीत आहे, मोटारीत बसवून सगळ्या बाजारातून. मला पण परीक्षेतून काढतील कदाचित, मी वाचलाय ना. हे सगळं मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, रातभर तेच तर करत होते.

ठेवून घ्या. जाळा, फाडा, काही करा. मला न्हाई लागत तो कागद. पहिला — रिंगचं मोमेंट ऑफ इनर्शिया, डायामीटरभोवती. दुसरा — साबणाचा फुगा, आतला दाब. तिसरा — कॅपॅसिटर, मधी डायइलेक्ट्रिक घातलं तर. दहापर्यंत म्हणू? पर्यायांसकट? पाकीट उघडायच्या आधी केंद्रसंचालकांसमोर म्हणंन. मंग उघडा म्हणंन पाकीट आणि ताडून पाहा. आणि सही मागितली तर ती त्याच्यानंतर करीन.

सरका, सर. उशीर होऊन राह्यला.

न्हाई, पाया राहू द्या आज. कडी काढा.