गेटसमोरच्या फलकावर काय लिहू?

नाही, हे नाही चालणार. पुसा. 'यापुढची वाट फुलांची असो' — कुणासाठी छापताय हे कापडावर, मालक? माणूस एकोणसाठ वर्षांचा आहे. उजवा गुडघा गेलाय. गुन्सानच्या गोदीत जन्म काढला, गोदी बंद पडली आणि घरी बसला. त्याला फुलांच्या वाटेवर चालवताय? जिना उतरताना कठडा धरतो तो. अख्ख्या शहरात पास होणाऱ्या प्रत्येकाला हेच वाक्य, नर्स झाली तरी हेच, पोलीस झाला तरी हेच. हे अभिनंदन नाही, ही शिक्का मारायची सवय आहे. मी तीस वर्षं बातम्या लिहिल्या, असलं वाक्य कुणी टेबलावर आणून टाकलं असतं ना, तर कागदासकट बाहेर काढला असता — असो. चिडत नाहीये मी. आवाजच तसा आहे.

नाव लिहा आधी. प्यो गिल-हो. मोठ्या अक्षरात. खाली — 'मालमत्ता दलाल परवाना परीक्षा उत्तीर्ण'. हसू नका. तुमच्या पोरांना वाटतं म्हाताऱ्यांचा टाइमपास आहे. बसून बघा एकदा. सकाळी पहिला टप्पा, त्यात दिवाणी कायदा — तो कायदा वाचताना आपण माणूस आहोत की वीट, हेच कळत नाही. दुपारी दुसरा टप्पा, तीन विषय. सरासरी साठ हवी, आणि एकाही विषयात चाळिसाच्या खाली जायचं नाही. एकात गेलात की बाकीच्यांत नव्वद असले तरी घरी जा. वर्षातून एकदाच. ऑक्टोबर चुकला की पुढचा ऑक्टोबर.

मला कसं माहीत? बातमीदार आहे, माहीत असतं.

बरं, खाली काय घालणार? 'समस्त मित्रपरिवार'. हो, तसंच घाला. सगळे तसंच घालतात. किती जण? — हे तुम्हाला कशाला? कापडावर माणसं मोजून लिहिता का? एक सोलला मुलाकडे गेला, तिकडचाच झाला. दुसरा, ओ दोक-मान, गेल्या हिवाळ्यात वारला. उरला कोण, मी. पण 'एक मित्र' असं लिहिलं तर लोक म्हणतील बिचाऱ्याला एकच मित्र. आणि खरं सांगू, बिचारा तो नाही. त्याला बायको आहे. 'समस्त'च राहू द्या.

आता मधलं वाक्य. ते महत्त्वाचं. हे बघा, निकालाचं अभिनंदन कुणीही करतं — बँकेचा कारकून करतो, शेजारीण करते. जवळच्या माणसानं आधी म्हणायचं असतं, फार सोसलंस रे. आधी ते. अभिनंदन मागून. का? कारण गुण सगळ्यांना दिसतात, आणि त्याआधीचं फक्त शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याला दिसतं. अभ्यासिकेत मी बघितलंय त्याला. चष्मा कपाळावर, चष्मा शोधतोय. ओळी पाठ होईनात म्हणून रडलेला बघितलाय, जिन्यात, भिंतीकडे तोंड करून. मग दुसरं — टोमणा मारायचा. 'तू पास झालास, म्हणजे पेपर सोपाच असणार.' हे परक्यानं म्हटलं तर अपमान, मी म्हटलं तर माया. तिसरं — जेवण मागायचं. पास झाला तो खर्च करतो, मागायला लाजायचं नाही. मागितलं नाही तर त्याला वाटतं हा जळतोय. आणि गुण विचारायचे नाहीत, 'पुढे काय' विचारायचं नाही, नशीब चांगलं होतं असं तर चुकूनही नाही. बस, एवढंच. पोरालाही जमेल.

मग तोंडावर का नाही सांगत म्हणता?

— फोन करायचा म्हणता. हो. करता आला असता.

शेजारच्या खुर्चीवर म्हटलं ना मी? तर मीच होतो. पेपरानं इथलं कार्यालय बंद केलं, मला घरी पाठवलं, तेव्हा गिल-हो म्हणाला, चल, दोघं मिळून परवाना काढू, एकच ऑफिस टाकू, तू लोकांशी भांड, मी किल्ल्या दाखवतो. परीक्षेच्या दिवशी माझा वाढदिवस होता. मुलीनं इंचॉनहून समुद्रशेवाळाचं सूप पाठवलं होतं, डब्यात. वाढदिवसाला तेच खातात, पण परीक्षेच्या सकाळी? निसरडं ना ते, खाल्लं की परीक्षेत घसरतो माणूस, असं म्हणतात. केंद्राच्या फाटकाशी त्यानं डबा माझ्या हातातून ओढून घेतला. मी म्हटलं, फेकू नको, मुलीनं केलंय. तर तो शहाणा तिथेच उभ्या उभ्या सगळं प्यायला. म्हणाला, 'तुझं घसरणं मी प्यायलो, आता जा आत.' आणि मला तांदळाची चिकट टॉफी कोंबली तोंडात, चिकटून राहावं म्हणून. कवळी निघायची वेळ आली होती.

सूप प्यायलेला पास झाला. टॉफी खाल्लेला — पहिला टप्पा निघाला माझा. दुसऱ्यात एका विषयात चाळिसाच्या खाली. पहिला आता पुढच्या वर्षी द्यावा लागत नाही, तशी सूट आहे, म्हणजे अगदीच — अगदीच काही गेलं नाही. पण ऑफिस दोघांचं होतं ना.

तो पास झाला हे मला अभ्यासिकेच्या व्यवस्थापकानं सांगितलं. गिल-होनं नाही. कसा सांगणार? पास झालेल्यानं नापासाला फोन करायचा नसतो, जखमेवर बोट नको म्हणून. आणि नापासानं केला तर वाटतं उसनं हसतोय. म्हणून दोघंही गप्प. चांगुलपणानं गप्प बसतात माणसं, त्याचा मला संताप येतो.

नाही, अगदीच गप्प नव्हता. निकालाच्या दिवशी त्यानं एवढंच लिहिलं — 'जेवलास का?' हे बघा, इथे. आमच्यात 'कसा आहेस'च्या जागी हेच विचारतात. मी वाचलं. त्याच्या फोनवर त्या शब्दांशेजारी, समोरचा वाचेपर्यंत असतो तो पिवळा एकचा आकडा गेला असणार, म्हणजे त्याला कळलं मी वाचलं. आणि मी उत्तर दिलं नाही. काय देणार? जेवलो म्हणावं तर जेवलो नव्हतो. नाही म्हणावं तर तो बायकोला घेऊन डबे आणणार. मग मला वाटलं, भलामोठा फलक लावू त्याच्या इमारतीच्या गेटवर. बोलावं लागणार नाही.

तुम्ही असं बघू नका.

... 'समस्त मित्रपरिवार' वाचून त्याला पहिल्या झटक्यात कळेल. तो म्हणेल, समस्त म्हणजे कोण रे, तू आणि तुझी सावली? आणि गेटजवळ उभा राहून हसेल, गुडघा धरून. आणि मी तिथे नसेन.

थांबा. मशीन चालू करू नका. कापड गुंडाळा परत. नको मला. — चष्मा कुठे गेला... हं, कपाळावर. फोनवर त्यालाच लिहितो. 'फार सोसलंस रे. पेपर सोपाच असणार. जेवण कधी देतोस?' ठीक आहे ना? फार झालं का? बातमीचं शीर्षक लिहितानाही इतका वेळ लागला नव्हता. पाठवलं.

एकचा आकडा आहे अजून. कामात असेल. ऑफिस बघायला गेला असेल, एकट्यासाठी छोटंसं. बायको म्हणाली असेल, राहू दे त्याला, सावरू दे. तुम्ही करा तुमचं काम, मी इथे स्टुलावर बसतो जरा, बाहेर वारा आहे...

गेला.

एक गेला, मालक. वाचलं त्यानं.

नाही, कॉफी नको. काही बोलू नका. ते मशीनही बंद ठेवा जरा.