फक्त माझं नाव

नाही बाई, बसत नाही — आज शिकायला नाही, सांगायला आलोय. सोमवारपासून माझी संध्याकाळची शिकवणी बुडणार. घरचे सगळे तीर्थयात्रेला निघालेत, मलाही नेतायत. फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा नियमच आहे ना — रजा हवी तर पालकानं समोर येऊन सांगायचं. आता माझा पालक कोण आणायचा? हसा, हसा. मीच पालक, मीच पोर.

बुडालेले तास रविवारी भरून घेता ना — तिसरीच्या मुलांबरोबर बसेन मी. ती म्हणतात, आजोबा, तुमची रेघ वाकडी. म्हणू देत, वाकडीच असते. फक्त माझी वेळ दुसऱ्या कुणाला देऊ नका. आणि गृहपाठ द्या, गाडीत बसल्या बसल्या — नाही, गाडीत नको. मी इथं येतो हे घरी माहीत नाही हो. फिरायला जातो म्हणून सांगितलंय. सून म्हणते, बाबा, हल्ली फार लांब जाता. लांबच की, पार 'अ'पासून निघालोय.

माहीत होतं ते एकटीला. हिला. तीच नाही का आली होती तुमच्याकडे — बारीकशी, जिना चढून धाप लागलेली? तुम्हाला वाटलं, नातवाचं नाव घालायला आलीय. तर म्हणाली, मुलगा अंमळ मोठा आहे... गेली ती. मागच्या महिन्यात. बोललो नव्हतो का मी? राहून गेलं असेल. नको, पाणी नको. त्या आठवड्यातही मी आलो होतो की — तुम्ही जोडाक्षरं सुरू केली होती. घरी बसून तरी काय करायचं होतं?

यात्रा तिनंच ठरवलेली. तिकिटंही तेव्हाचीच. तिच्या जागेवर पिशव्या ठेवू, म्हणतात पोरं. ठेवा म्हटलं.

तर काम असं — तिथं उतरायच्या ठिकाणी, धर्मशाळेत, खिडकीतून वही पुढं सरकवतात, नावं लिहा म्हणतात. आजवर ती लिहायची, दोघांची. मी आपला मागं सामान धरून उभा. या खेपेला मुलगा पेन उचलेल, तेव्हा मी म्हणणार — थांब, माझं मी लिहितो. एवढंच. पण वहीतल्या ओळी बारीक, पेन दोरीला बांधलेलं, मागं माणसं खोळंबलेली — हात अवघडतो. म्हणून आज तेवढं एकदा बघून घ्या. हे बघा, फळ्यावर... नाव... आडनाव. वरची रेघ जरा हलली. चालेल म्हणता?

काय? तिचंही शिकवता? आत्ता?

नको बाई. हाताला एकदा वळण लागलं की लागलं. तिथं दोन्ही लिहून बसेन, आणि तो खिडकीतला विचारेल, दुसरं माणूस कुठंय.

खडू इथं ठेवतो. तुमची मुलं आली बघा जिन्यात. पुसा ते, पुसा — त्यांना फळा लागेल.