कोरड्या अंगाला पीठ चिकटत नाही

मंडळी, याच हॉलमध्ये आई पर्युषणात सोसायटीतल्या मुलांना गोष्टी सांगायची. आज तिचा फोटो समोर आहे आणि माईक माझ्या हातात. बोलणं जमेल असं वाटत नाही. अडखळलो तर सांभाळून घ्या.

काहीजण धायरीबाहेरून आले आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. आई देवळातून परत येत होती. खाली पार्किंगमध्ये शेजारचे जगतापकाका गाडी मागे घेत होते. त्यांनी आरशात बघितलं नाही. आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आई पुन्हा चालली नाही.

जगतापकाका, तुम्ही दाराशी उभे आहात. मला दिसताय.

हॉस्पिटलमध्ये मावशी आईला म्हणाली, "सुशीला, मागच्या जन्मी तू कुणाला तरी पाडलं असशील, त्याची ही शिक्षा." एवढ्या वेदनेतही आई म्हणाली, "मागच्या जन्माची फाईल तुला कुठे मिळाली गं? आणि शिक्षा द्यायला वर न्यायाधीश कोण बसलाय?"

मंडळी, आपण जैनसुद्धा ही चूक करतो. कर्म म्हणजे कुणीतरी सुनावलेली शिक्षा समजतो. आई म्हणायची, कर्म हा पदार्थ आहे. पुद्गल. डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ, सगळ्या जगात भरलेली. आपलं मन हललं, वाणी हलली, शरीर हललं, की ही धूळ आत्म्याकडे ओढली जाते. किती येणार आणि कोणत्या जातीची होणार, हे त्या हालचालीवर ठरतं. पण किती काळ चिकटून राहणार आणि किती जोरात फळ देणार, हे ठरतं कषायांवर. क्रोध, मान, माया, लोभ.

"गिरणीत उभं राहिलं की पीठ उडणारच," ती सांगायची. "अंग कोरडं असेल तर झटकलं की गेलं. अंगाला तेल असेल तर बसलं चिकटून. राग म्हणजे ते तेल."

मी तेव्हा तेलात बुडालेलो होतो. काका फळं घेऊन आले की मी त्यांना दारातूनच परत पाठवायचो. आईला म्हणालो, "तुझा पाय त्यांनी मोडला आणि तू कर्माच्या गोष्टी करतेस? म्हणजे त्यांची काहीच चूक नाही?"

ती म्हणाली, "चूक आहे ना! बेफिकिरीनं गाडी चालवली. प्रमादानंही कर्म बांधलं जातं. ते त्यांचं. पोलिसांत काय सांगायचं ते खरं सांग. पण माझ्या वेदनेचं कर्म माझं आहे, असातावेदनीय. ते आता पिकलंय. फळ देईल आणि गळून पडेल. मी शांतपणे सोसलं तर गेलं. त्यांना शिव्या देत सोसलं, तर जुनं झडेल आणि नवं चिकटेल. हेमंत, एवढं दुखणं मी फुकट का घालवू?"

फुकट का घालवू! खुब्याचं हाड मोडलेली बाई हे म्हणत होती. मंडळी, तिला दुखत नव्हतं असं नाही. ती रडायची. माझा हात आवळून धरायची. पण तिच्या तोंडून काकांचं नाव कधी रागानं आलं नाही.

एकदा मी घरात नसताना काका आत आले. तिचे पाय धरून म्हणाले, "ताई, मला माफ करा, म्हणजे माझं पाप धुतलं जाईल." आई म्हणाली, "अहो, माफ तर केव्हाच केलं. त्यानं माझा राग गेला. तुमचं कर्म माझ्या हातानं कसं सुटेल? ते तुमच्याच पश्चात्तापानं सैल होईल." काका रडले. हे मला आईनंच सांगितलं.

शेवटी तिचं आयुष्यकर्म संपलं. आपल्यात पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. आत्मा थांबत नाही. उरलेली कर्मं बरोबर घेऊन तो लगेच पुढच्या जन्माला जातो. आईच्या नावानं मी कितीही उपवास केले, तरी त्यातलं काही तिला पोचणार नाही. गेले काही दिवस मला हेच सगळ्यात जास्त छळतंय. मी आईसाठी आता काहीच करू शकत नाही.

जायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "माझं मी झटकलं रे. तुझ्या अंगावरचं मला झटकता येत नाही."

खरं सांगू? अजून राग आहे. आत्ता तुमच्याकडे बघतानाही आहे, काका. पण तेल आणखी चोळायचं नाही, एवढं तरी माझ्या हातात आहे.

काका, दाराशी उभे राहू नका. पुढे या. गोष्टी सांगताना आई बसायची ती ही खुर्ची रिकामी आहे, इथे माझ्याशेजारी बसा. मिच्छामि दुक्कडम्, काका. तुम्हाला दारातून परत पाठवलं, त्याबद्दल.

मंडळी, आता काका बसेपर्यंत थांबू या. मग सगळेच डोळे मिटू. शरीर स्थिर, वाणी बंद, मनात फक्त नवकार मंत्र. आईसाठी नाही. तिचं तिनं केलंय. आपापल्यासाठी.